गोगाबाबा टेकडीचा उतार अन् मंगळवारच्या मांड्या (आठवडा 6 ते 8)

टार्गेट तेच आहे, हिवाळ्यातली 21 किलोमीटरची शर्यत. पण ट्रेनिंगच्या या तीन आठवड्यांत किलोमीटर कमी झाले अन् उतारावर पळाल्यावर मांड्या दोन दिवसांनी का दुखतात या एकाच गोष्टीनं डोकं धरलं, म्हणून नेहमीपेक्षा लांब लिहायलोय.

सहाव्या आठवड्याच्या रविवारी पहिल्यांदाच गोगाबाबा टेकडीवर गेलो. आजवर सगळं पळणं गारखेड्याच्या क्रीडा संकुलात, म्हणजे एकदम सपाट. ठरवलं की चालत चढायचं अन् पळत उतरायचं, असे 6 फेरे. चढताना दम लागायचा, उतरताना श्वास एकदम निवांत, त्यामुळं वाटलं उतार म्हणजे आरामच. फक्त शेवटच्या दोन उतारांवर पाय टेकला की मांडी थरथरायची अन् गुडघा हवा त्यापेक्षा जास्त वाकायचा. तेव्हा मी ते सोडून दिलं, आता कळतंय की खरी खूण तीच होती. घरी आलो, पोहे खाल्ले, दुपारी झोपलो, कुठंच काही दुखत नव्हतं.

सोमवारी सकाळी मांड्या जड वाटल्या. मंगळवारी मात्र गुडघ्याच्या वरचा मांडीचा पुढचा भाग असा धरला की आमचे तीन मजले कठड्याला धरून आडवं आडवं उतरावं लागलं. अन् गंमत बघा, जिना चढताना जवळजवळ काहीच नाही, दुखायचं फक्त उतरताना. जेवायला खाली बसतानाही भिंतीला हात लावून बसलो. नुसतं पडून राहिलं तर शांत, पण अंगठ्यानं मांडी दाबली की कळ. आई म्हणाली, "तेल लावून शेकून घे रे, अंग धरलंय तुझं." जिममधला एक दादा म्हणाला, लॅक्टिक ॲसिड साचलंय, लिंबूपाणी पी, दोन दिवसांत निघून जाईल.

दादाला मानतो मी, पण हे लॅक्टिक ॲसिडचं खरं नाही. जोरात पळल्यावर रक्तात लॅक्टेट वाढतं, पण तास-दीड तासात ते परत होतं तिथं येतं, मग मंगळवारी कशानं दुखंल? 1983 साली हे सरळ तपासून बघितलंय, ट्रेडमिलवर 45 मिनिटं, एकदा सपाट अन् एकदा उतारावर. सपाट पळताना लॅक्टेट वाढलं पण नंतर दुखलं नाही, उतारावर लॅक्टेट फारसं वाढलंच नाही अन् दुखलं मात्र चांगलंच. माझ्या रविवारचंही तसंच झालं, दम लागला चढावर अन् मांड्या गेल्या उतारावर.

उतारावर होतं काय, तर पाय टेकला की गुडघा वाकतो अन् अंगाचा सगळा भार मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. म्हणजे तो ताकद लावत असतो पण त्याच वेळी लांबत असतो, ब्रेक मारल्यासारखा. याला इसेंट्रिक काम म्हणतात. स्क्वॅटमध्ये खाली जाणं, डंबेल हळू खाली आणणं, लंजमध्ये बसणं हे सगळं त्यातच येतं. असल्या कामात तेवढाच भार कमी तंतूंवर पडतो, म्हणून एकेका तंतूला ओढ जास्त बसते. मग ज्या तंतूंना सवय नाही त्यांच्या आतली बारीक रचना जागोजागी विस्कटते अन् आजूबाजूचं आवरणही ताणलं जातं. हे होतं रविवारीच, अन् ताकदही त्याच वेळी कमी होते (तो वाकणारा गुडघा!). पण दुखायला वेळ लागतो, कारण नंतरच्या एक-दोन दिवसांत तिथं दुरुस्ती सुरू होते, जरा सूज येते, अन् तिथल्या वेदनेच्या नसा इतक्या हळव्या होतात की साधं दाबलं, ताणलं तरी दुखतं. बहुतेकांचं दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं अन् आठवड्याच्या आत जातं.

आता मुख्य प्रश्न, अशा पायांनी ट्रेनिंग करायचं का. माझं मत असं बनलंय की दुखणं स्वतः काही फार मोठा अडथळा नाही, हलकं काम केल्यानं स्नायू जास्त बिघडत नाही, उलट गरम झाला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. अडचण आहे ती कमी झालेल्या ताकदीची. मांडी ब्रेक नीट मारत नसंल अन् आपण परत उतारावर किंवा जड स्क्वॅटला गेलो, तर पाय वेडावाकडा पडतो अन् भार गुडघ्यावर, कमरेवर जातो. म्हणून मी किती दुखतंय ते बघत बसलो नाही, ताकद किती आली ते बघितलं.

मंगळवारी अर्धा तास सपाट चाललो, बस. बुधवारी वरच्या अंगाचा व्यायाम पूर्ण केला, त्याला काहीच हरकत नव्हती. गुरुवारी टेस्ट घेतली: दहा मिनिटं चालून गरम झालो, मग एका पायावर उभं राहून एका पायरीवरून हळू खाली उतरायचं, दोन्ही पायांनी पाच-पाच वेळा. दुखणं निम्म्यावर आलं होतं पण डावा गुडघा चौथ्यांदा आत झुकला, म्हणून त्या दिवशी पळालो नाही. शनिवारी गुडघा सरळ राहिला, खाली पूर्ण बसता आलं, तेव्हा संकुलात सपाट 5 किलोमीटर हळू पळालो. तेल-मालिश अन् शेकानं बरं वाटलं हे खरंय, आईचं ऐकलंच. स्ट्रेचिंगनं मात्र फरक पडल्यासारखं वाटलं नाही, अन् अभ्यासांतही त्याचा फायदा नगण्यच निघालाय.

गोळी घेऊन पळणं मात्र करूच नका, आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच. घामानं पाणी कमी झालेलं असताना दुखण्याच्या गोळ्या किडनीवर ताण देतात. अन् काही दुखणं या हिशेबातलं नसतं: व्यायाम करतानाच कचकन आलेली कळ, एकाच बोटभर जागेचं दुखणं, सांध्यातलं दुखणं, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं. सगळ्यात महत्त्वाचं, स्नायू टणक सुजला, हात-पाय हलवायला जमंना अन् लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर घरी पाणी पीत बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना. स्नायू जास्त फुटून त्यातलं द्रव्य किडनीत जात असतं तेव्हा.

सातवा आठवडा पूर्ण सपाट काढला. आठव्या आठवड्याच्या रविवारी परत टेकडी, मुद्दाम तेच 6 फेरे, त्याच वेगानं. शेवटच्या उतारावर मांडी थरथरली नाही. मंगळवारी जिना सरळ उतरलो, कठड्याला हात न लावता. पहिल्या वेळचं दुखणं दहापैकी सात धरलं तर या वेळी दोन. एकदा झालेल्या कामाला स्नायू असा तयार होतो, अन् ही तयारी काही आठवडे तरी टिकते. त्यासाठी पहिल्याच दिवशी मांड्या धरेपर्यंत करायची गरजही नसते, थोड्या उतारानंही बरंचसं संरक्षण मिळतं. म्हणजे पहिल्या रविवारी मी 2 फेरे केले असते तर तो आख्खा आठवडा वाचला असता.

नववा आठवडा: रविवारी 7 फेरे, गुरुवारी पायरीची टेस्ट, डाव्या गुडघ्यावर लक्ष.