'दारा' म्हणजे काय?

आमच्या गाण्याचा पहिला जोडलेला मसुदा मी बहिणीला ऐकवला, तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले. "चाल छान आहे रे, पण दारा म्हणजे काय? आणि वाटा सरली नाही, सरल्या नाहीत असं हवं ना?" गाण्यात 'दारा' हा शब्द नव्हता आणि 'वाटा'ही नव्हता. मी लिहिलं होतं:

दार उघडे ठेवले मी, वाट सरली ना तुझी

शब्द माझे, चाल माझ्या मित्राची. दोघं दोन वेगळ्या शहरांत राहतो, त्यामुळे समोरासमोर बसून गाणं करणं शक्य नव्हतं. विषय आम्ही फोनवर ठरवला: कुणीतरी दार उघडं ठेवून वाट बघतंय. मग ठरलं की आठवडाभर मी फक्त शब्दांवर काम करायचं, त्याने फक्त चालीवर, आणि रविवारी दोन्ही जोडायचं. एकमेकांचं काम मधे बघायचं नाही, म्हणजे कुणी कुणाच्या दबावाखाली येणार नाही. हा शेवटचा निर्णय चुकीचा होता, पण ते कळायला बहिणीचा प्रश्न लागला.

रविवारी त्याने मुखड्याची चाल नुसती 'ना ना ना ना' अशी गुणगुणून पाठवली. चार तुकडे, प्रत्येक तुकड्यात चार सूर. माझ्या ओळीचेही चार तुकडे: दार उघडे, ठेवले मी, वाट सरली, ना तुझी. शेवटचा थोडा तोकडा होता, पण शेवटचा सूर ओढला की बसत होता. आम्ही दोघंही खूश. जणू ठरवूनच केलंय, असं तो म्हणाला. त्याने लगेच शब्द घालून गायलं आणि मी तेच रेकॉर्डिंग बहिणीला ऐकवलं.

तिने विचारल्यावर मी कागद घेऊन बसलो. माझी ओळ गालगागा, गालगागा, गालगागा, गालगा अशी आहे. गा म्हणजे दोन मात्रांचा गुरू, ल म्हणजे एका मात्रेचा लघू. म्हणजे पहिले तीन तुकडे सात-सात मात्रांचे. लिहिताना माझ्या डोक्यात नकळत रूपक तालाची लय चालू असणार, कारण तीन-दोन-दोन ही रूपकाची विभागणी आणि गालगागाची विभागणी एकच आहे. मित्राने मात्र चाल केली होती केरवा तालात, आठ मात्रांची. त्याचे चारही सूर सारखे, दोन-दोन मात्रांचे. सूर चार आणि जागाही चार, म्हणून जुळल्यासारखं वाटलं. पण सातात एक मात्रा वाढवल्याशिवाय आठ होत नाहीत, आणि ती वाढीव मात्रा प्रत्येक वेळी दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे नेमकी लघूवर येऊन पडत होती. दाऽ रऽ उघ डेऽ. म्हणून 'दारा उघडे'. म्हणून 'वाटा सरली'. 'ठेवले'चं तर 'ठेवाले' झालं होतं. आम्हा दोघांना शब्द आधीच पाठ असल्यामुळे ते ऐकूच आलं नव्हतं.

मराठीत हा धोका जास्त आहे असं मला वाटतं. 'दार' या शब्दातला 'र' आपण वृत्तात एक मात्रा म्हणून मोजतो, पण बोलताना तो पूर्ण उच्चारत नाही, 'दार्' असंच म्हणतो. अशा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर लांब सूर आला की गाणाऱ्याला तो कुठल्या तरी स्वरावर धरावा लागतो, आणि तो स्वर ऐकणाऱ्याला 'आ' वाटतो. दार, वाट, रात, घर, मन, गाण्यात सतत येणारे शब्द बहुतेक याच जातीचे.

मग दुरुस्ती सुरू झाली. मी आधी सोपा मार्ग सुचवला: चाल रूपकात घे. त्याने तसं गाऊन पाठवलं. शब्द स्वच्छ ऐकू आले, पण चालीतला चालण्याचा ठेका गेला, आणि तोच तर तिचा प्राण होता. मग त्याने केरवा ठेवून पहिला सूर तीन मात्रा धरला आणि दुसरा एकच. शब्द सुधारले, पण चारही तुकड्यांत तीच ठेच लागल्यामुळे चाल लंगडायला लागली. तिसऱ्या प्रयत्नात त्याने 'दा'चा आकार पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही सुरांवरून नेला आणि 'र' फक्त शेवटी, पाचवी मात्रा यायच्या आत, जीभ लावून मिटवला. चालीतला एकही सूर हलला नाही आणि शब्द 'दार'च राहिला. एका अक्षराला दोन सूर, एवढंच. 'वाट'चंही तसंच झालं.

'ठेवले मी'ला हा इलाज लागू पडेना. 'ठे'वर दोन सूर घेऊन 'व' मिटवला तर 'ठेव ले मी' असं तुटतं. इथे शब्दच बदलायला हवा होता आणि ते काम माझं होतं. याच टप्प्यावर आमचं थोडं वाजलं. मित्राने परस्पर 'ठेवलेले' घालून रेकॉर्डिंग पाठवलं. 'ठेव' त्यातही तसाच तुटत होता, शिवाय 'दार उघडे ठेवलेले' म्हटल्यावर ओळीतला माणूसच गायब झाला, नुसतं दार उरलं. मी चिडलो. खरं तर आदल्या दिवशी मीही त्याला 'इथे सूर वर नेण्याऐवजी खाली आण' असं सांगून बसलो होतो. दोघंही दुसऱ्याच्या कामात थेट उत्तर घेऊन घुसत होतो. त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो अजून पाळतो: दुसऱ्याच्या भागाबद्दल फक्त अडचण सांगायची, तोडगा नाही. त्याने मला लिहून पाठवलं, "दुसऱ्या तुकड्यात चार जड जागा हव्यात, दुसरी जागा ओढली तरी शब्द बिघडता कामा नये. आणि चौथ्या तुकड्यातला तिसरा सूर तार षड्ज आहे, तिथे ई नको."

हे शेवटचं मला माहीतच नव्हतं. 'ना तुझी' हा तुकडा तोकडा असल्यामुळे 'झी' सर्वांत वरच्या सुरावर चार मात्रा ओढली जात होती. वरच्या सुरावर तोंड उघडावं लागतं आणि 'ई'साठी ते मिटावं लागतं, त्यामुळे आवाज चिरकत होता. तो मात्र समजत होता की आपलाच गळा कमी पडतोय.

दोन दिवस ओळ बोटांवर मोजत फिरलो. शेवटी आली ती ही:

दार उघडे ठेवून आलो, वाट पुढची माहीत नाही

'ठे, वून, आ, लो' आणि 'मा, हीत, ना, ही'. दोन्हीत चार-चार जड जागा. कागदावर मोजाल तर नऊ मात्रा भरतील, पण 'वून' आणि 'हीत' तोंडात एकाच झटक्यात येतात, शेवटचं व्यंजन मिटतं, आणि केरव्याच्या दोन मात्रांत आरामात बसतात. तार षड्जावर आता 'ना'चा आकार आला. आणि मला अजिबात अपेक्षा नसलेली गोष्ट घडली: गाण्याचा माणूस बदलला. आधी तो दारात बसून वाट बघत होता, आता दार तसंच टाकून स्वतः शोधायला निघाला होता. त्या चालीत पहिल्यापासून जे चालणं होतं, ते मी शब्दांत ऐकलंच नव्हतं. मी 'ठेवले मी'वर अडून बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं.

अंतऱ्यात वेगळाच घोळ झाला. त्याने चाल फोनवर रेकॉर्ड करून पाठवली, ठेका नाही, क्लिक नाही. मी पहिला सूर म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, असं धरलं आणि 'आठवणींचा'ने सुरुवात केली. प्रत्यक्षात त्याची चाल सातव्या मात्रेवरून उठत होती, सम दोन मात्रांनंतर. तबल्याबरोबर लावल्यावर 'आठ' समेच्या आधी सुटला आणि समेचा सगळा जोर 'वणींचा'वर पडला. ऐकताना आठ हा आकडा ऐकू यायचा आणि मग एक निरर्थक शब्द. इलाज मात्र एका अक्षराचा निघाला. पुढे 'या' लावला. 'या' सातव्या-आठव्या मात्रेवर गेला आणि 'आठवणींचा' अख्खा समेपासून सुरू झाला.

तेव्हापासून तो कुठलाही तुकडा ठेक्यावरच रेकॉर्ड करतो. आधी एक पूर्ण आवर्तन रिकामं सोडतो आणि समेवर टाळी देतो. फाइलच्या नावात लयही लिहितो, `antara_chal_v2_96.wav` अशी. मी त्यावरून शब्दांच्या आधी एक साचा तयार करतो: आठ चौकोनांची ओळ, सम कुठे, कुठला सूर दोन मात्रांहून लांब, सर्वांत वरचा सूर कुठे, श्वास कुठे. हा साचा त्याला परत पाठवतो आणि तो 'बरोबर' म्हणाला की मगच लिहायला बसतो. त्याला तपासायला पाच मिनिटं लागतात. पहिल्या रविवारी दोघांकडे हा साचा असता तर मधले बारा दिवस वाचले असते. बाकी आठवडाभर एकटं काम करायला हरकत नाही, एकटं असताना सुचतंही जास्त, पण साचा मात्र आधी हवा.

व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊन बघायचा नाद आम्ही लवकर सोडला. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे मी शब्द म्हणेपर्यंत त्याचा सूर पुढे गेलेला असतो. शिवाय लांब धरलेला सूर कॉलमधल्या आवाज-सफाईला गोंगाट वाटतो आणि ती तो खाऊन टाकते. कॉल फक्त बोलायला, गाणं फाइलमधूनच.

आवृत्त्यांचाही एकदा गोंधळ झाला. मी दुसऱ्या चालीवर शब्द दुरुस्त करत असताना त्याची तिसरी तयार होती. आता मसुदा एका वेळी एकाच्याच हातात असतो. 'तुझ्याकडे' असा निरोप आल्याशिवाय दुसरा हात लावत नाही. आणि कुणी किती बदललं याचा हिशोब नको म्हणून गाण्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असेल, हे एका ओळीत लिहून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात सगळं जोडून पुन्हा बहिणीला पाठवलं. या वेळी आधी शब्द वाचायला दिले नाहीत, नुसतं ऐकायला सांगितलं आणि ऐकू येईल ते लिहून पाठव म्हटलं. मुखडा तिने जसाच्या तसा लिहिला. अंतऱ्यात 'या आठवणींचा'ही बरोबर आलं. दुसऱ्या अंतऱ्यात 'रात सरता'च्या जागी तिने 'राता सरता' लिहिलंय. ती ओळ आता माझ्याकडे आहे.