दुसरी भट्टी कुठं आहे?

शिरोली एमआयडीसीतली ती फाउंड्री दोन सख्ख्या भावांची, निम्मी-निम्मी. धाकट्यांना बाहेर पडायचं होतं आणि थोरले त्यांचा हिस्सा विकत घेणार होते. भांडण नव्हतं, फक्त किंमत ठरत नव्हती. व्हॅल्युएशनचं काम माझ्याकडे आलं आणि पहिला मसुदा घेऊन मी पुण्याहून सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला पोचले.

पद्धत नेहमीचीच, फ्री कॅश फ्लो टू द फर्म, म्हणजे FCFF. पुढच्या वर्षाचा व्याज आणि कर भरण्याआधीचा नफा 22.3 कोटी धरला. त्यावर साधारण 25 टक्के कर गेला की 16.7 कोटी उरतात. त्यात घसारा 4 कोटी परत मिळवला, कारण तो रोखीनं जात नाही. यंत्रांवरचा खर्च 9 कोटी आणि उधारी-स्टॉकमध्ये अडकणारे 1.7 कोटी वजा केले. हातात राहिले 10 कोटी. कर्जदार आणि मालक दोघांच्याही वाट्याची ही रोकड, म्हणून ‘फर्म’ची. यात व्याज वजा करत नाहीत. कर्जाचा हिशोब शेवटी, एकदाच.

पाच वर्षांचे आकडे आले 10, 11, 12, 13 आणि 14 कोटी. भांडवलाचा सरासरी खर्च, म्हणजे वॅक, 12 टक्के. त्या दरानं आजच्या किमतीत आणल्यावर पाच वर्षांची बेरीज झाली 42.4 कोटी. सहाव्या वर्षापासून पुढचं सगळं एका आकड्यात बसवायचं, ती टर्मिनल व्हॅल्यू:

```
TV = FCFF5 × (1 + g) / (WACC − g)
```

मी g, म्हणजे कायमस्वरूपी वाढीचा दर, 5 टक्के धरला होता. महागाईचं रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट 4 टक्के, त्यावर थोडी खरी वाढ. टर्मिनल व्हॅल्यू 210 कोटी, आजच्या किमतीत 119.2. एकूण 161.6 कोटी. 30 कोटी कर्ज वजा जाता मालकांचे 131.6, म्हणजे धाकट्यांचा हिस्सा 65.8 कोटी. शेवटच्या पानावर सवयीप्रमाणे सेन्सिटिव्हिटीचा तक्ता जोडला होता, म्हणजे g बदलला तर किंमत किती हलते त्याचा.

धाकट्यांचे सीए थेट त्याच पानावर गेले. “मॅडम, 5 का? ऑटो क्षेत्र बघा. 7 धरा.” 7 च्या रकान्यात कंपनीची किंमत 212.4 कोटी होती, आणि धाकट्यांचा हिस्सा 91.2. दोन टक्क्यांनी पंचवीस कोटींचा फरक, नेमका सांगायचा तर 25.4 चा.

असं का होतं ते मी समजावलं. छेदात 12 वजा 5, म्हणजे 7 असतात. 12 वजा 7 केलं की 5 उरतात. छेद जसजसा लहान होतो तसा प्रत्येक पुढचा टक्का जास्त महाग पडतो. 3 वरून 4 वर गेलं तर किंमत 12 कोटींनी वाढते, 6 वरून 7 वर गेलं तर जवळजवळ 30 कोटींनी. शिवाय 7 च्या रकान्यात एकूण किमतीतला 80 टक्के भाग टर्मिनल व्हॅल्यूचा आहे, म्हणजे जी वर्षं कुणी पाहिलेली नाहीत त्यांचा. सीए मान हलवत होते, पण “मग 6 तरी धरा” हे चालूच होतं. बाजारात शेपूची जुडी घेताना होते तशी घासाघीस.

थोरले तोवर गप्प होते. चाळीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस. चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, “मॅडम, सात टक्क्यांनी धंदा दहा वर्षांत दुप्पट होतो न्हवं?”

“होय, जवळपास.”

“मग दुसरी भट्टी कुठं आहे तुमच्या कागदात?”

मला उत्तर देता येईना. कारण ती नव्हती. पाचव्या वर्षी कर भरल्यानंतरचा नफा 20 कोटी, त्यातले 6 कोटी पुन्हा धंद्यात घातले म्हणून 14 उरले. तक्ता बनवताना मी फक्त g बदलत गेले होते. 3 टक्क्यांनी वाढा की 7 टक्क्यांनी, गुंतवणूक तीच, नफ्याच्या 30 टक्के. चूक सीएंची नव्हती, माझ्या तक्त्याची होती.

“दादा, अर्धी वाढ तर नुसत्या भाववाढीची असते,” धाकटे म्हणाले. “तेवढ्याला भट्टी कशाला लागेल?”

“मग जुनी भट्टी बदलताना ती जुन्या भावात मिळणार हाय का तुला?”

तेही खरंच. घसारा जुन्या किमतीवर धरलेला असतो, बदलीची भट्टी नव्या किमतीला येते. स्टॉक आणि उधारीही भावाबरोबर फुगतात. नुसत्या महागाईनं वाढायलाही पैसे घालावे लागतात.

तिथेच लॅपटॉप उघडला. वाढ म्हणजे नफ्यातला पुन्हा गुंतवलेला वाटा गुणिले त्या नव्या गुंतवणुकीवरचा परतावा. उलट बाजूनं पाहिलं तर 30 टक्के गुंतवून कायम 7 टक्के वाढायचं, तर नव्या पैशावर दरवर्षी 23 टक्क्यांहून जास्त परतावा हवा. या फाउंड्रीनं मागच्या पाच वर्षांत 35 कोटी घातले आणि करानंतरचा नफा 11.1 वरून 16 कोटींवर गेला. 4.9 भागिले 35, म्हणजे 14 टक्के. मग सूत्र असं मांडलं:

```
TV = NOPAT6 × (1 − g/ROIC) / (WACC − g)
```

NOPAT म्हणजे करानंतरचा पण व्याजाआधीचा नफा, ROIC म्हणजे तो 14 टक्के परतावा. g 5 असेल तर नफ्यातले जवळपास 36 टक्के परत घालावे लागतात आणि कंपनीची किंमत 151.9 कोटी येते. g 7 असेल तर निम्मा नफा भट्ट्यांतच जातो आणि किंमत 163.9. 51 कोटींचा फरक 12 कोटींवर आला. धाकट्यांचा हिस्सा 5 ला 60.9, 7 ला 66.9.

सीएंनी स्वतः माझ्याकडून लॅपटॉप ओढून ROIC च्या घरात 12 टाकलं, वॅकएवढंच. 5 ला 141.7, 7 ला 143.6. वाढीनं किंमत जवळजवळ हललीच नाही. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. नवा पैसा जेवढ्याला उभा केला तेवढंच कमावत असेल, तर कितीही वाढा, मालकाच्या पदरात फारसं जास्त पडत नाही. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण माझ्याच तक्त्यात मात्र विसरले होते.

माझा पहिला आकडाही जरा जास्तच होता हे मला तिथं कबूल करावं लागलं. 5 टक्क्यांनाही मी 30 टक्केच गुंतवणूक धरली होती, लागत होती 36. थोरले हसले नाहीत, चहा मागवला एवढंच.

जेवणानंतर g वर कुणीच बोललं नाही. वाद आता 14 वर सुरू झाला. धाकट्यांचं म्हणणं, त्या 35 कोटींत दोन वर्षांपूर्वी बसवलेली मोल्डिंग लाइन आहे, ती अजून पूर्ण क्षमतेनं चालत नाही, म्हणून परतावा कमी दिसतोय. थोरल्यांचं म्हणणं, ती चालायला ऑर्डर लागतात. पण या वादात निदान बघायला कागद होते. धाकट्यांनी स्टोअरमधल्या मुलाला हाक मारली आणि त्या लाइनचं महिन्याचं टनेज रजिस्टर मागवलं.