माई काकी वरळी

मेसेज माझाच होता, हे आधीच कबूल करतो.

2024 सालची गोष्ट. चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी. कुडाळजवळच्या आमच्या घरी जायला रेल्वेची तिकिटं मिळाली नव्हती, म्हणून सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरवली होती. निघायचं गुरुवारी पहाटे. कोणाला कुठून उचलायचं ती यादी मी मंगळवारी रात्री ‘घरचा गणपती’ या ग्रुपवर टाकत बसलो होतो, डोळ्यांवर झोप घेऊन, एकेक नाव वेगळ्या मेसेजमध्ये. दादा सायन, साडेसहा. ताई चेंबूर, पावणेसात. आत्याचा बंटी वाशी. यादी संपवून फोन ठेवला आणि आठवलं, माई काकी राहिली. ती तर सगळ्यात आधी बसणार, वरळीला. पुन्हा फोन उचलला आणि रात्री 11.52 ला शेवटचा मेसेज टाकला:

`Mai kaki varli. Sakali 6.`

फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावला आणि झोपलो. बुधवारी सुट्टी टाकलेली होती, त्यामुळे उठलो थेट साडेनऊला.

बंद स्क्रीनवर दिसतो तो शेवटचा मेसेज. आधीची यादी कोणी उघडून पाहत नाही. गावच्या अण्णांनी सकाळी सात वाजता चहा घेताना स्क्रीनवर जे दिसलं ते वाचलं, आणि मराठी माणूस जसं वाचेल तसंच वाचलं. पुढचं सगळं मी नंतर, घाम पुसत वाचलेलं आहे.

गावचे अण्णा: अरे देवा. काय झाला? काल सांजेक तर माझ्याशी बोलली.
ताई: काय??
दादा: मला आत्ता कळतंय. कोण होतं जवळ?
बंटी: 🙏🙏
पुण्याची वहिनी: भावपूर्ण श्रद्धांजली. फार प्रेमळ बाई.
ताई: फोन करू का त्यांच्याकडे?
दादा: आत्ता नको. घरात काय अवस्था असेल. थोड्या वेळानं करू.

हे ‘थोड्या वेळानं’ सगळ्यांनाच पटलं. दुःखाच्या घरी फोन करायचा धीर होत नाही, आणि दुसऱ्या कोणीतरी केला असेलच अशी प्रत्येकाची खात्री असते. सव्वीस माणसांच्या ग्रुपमधून दोन तास एकाही माणसानं वरळीला फोन लावला नाही.

आणि मेसेज 11.52 चा, तर सकाळी सहाची बातमी मी आदल्या रात्रीच कशी दिली, हेही कोणाच्या मनात आलं नाही.

मग सुतक निघालं. माई काकी म्हणजे भावकीतलीच, तेव्हा दहा दिवस. बुधवारपासून मोजले तर 13 तारीख येते आणि आमचे बाप्पा गौरीबरोबर 12 लाच जातात. म्हणजे अख्खा गणपती सुतकात.

गावचे अण्णा: शाळेत जावन सांगान इलंय. मूर्ती सध्या थयच ऱ्हवान दे.
दादा: पाट आपला आहे ना?
गावचे अण्णा: पाट आपलोच. पण माटयेचा सामान सगळा बांधून झाला हा. कवंडाळा, शिपटे, नारळ. ता आता काय करूचा?

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, माटी म्हणजे मूर्तीच्या वर बांधतात ती फळापानांची चौकट, आणि शाळा म्हणजे गणपतीची. आषाढ-श्रावणात घरचा पाट तिथे नेऊन द्यायचा, मग आपली मूर्ती त्याच पाटावर घडते. ती दुसऱ्या कोणाला देऊन टाकता येत नाही. घरचा माणूस हॉस्पिटलात ठेवून यावं तसे अण्णा मूर्ती शाळेत ठेवून आले होते.

ताईनं सुचवलं, भाच्याकडून पूजा करून घेऊ, तो भावकीतला नाही, त्याला सुतक नाही. हा रिवाज आहेच. पण आमचा भाचा म्हणजे बंटी, आणि बंटीनं लगेच लिहिलं की मला सोवळं नेसता येत नाही. दादानं तेवढ्यात ट्रॅव्हलरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ॲडव्हान्स परत मिळणार नाही, आणि मला दहा मिनिटांत सांगा, दुसरी पार्टी उभी आहे.

दादा: सोडून देऊ का गाडी? सगळ्यांनी हो-नाही लिहा.
ताई: हो 😢
पुण्याची वहिनी: हो.

तेवढ्यात, 9.10 ला, ग्रुपवर गुलाबाचं फूल आलं. त्यावर दवबिंदू, आणि खाली ‘शुभ सकाळ, बाप्पा आपल्या सर्व इच्छा पूर्ण करो’. पाठवणारी माई काकी.

चार मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. मग वाशीहून बंटी:

बंटी: काकीचा फोन कोणाकडे आहे?
माई काकी: माझ्याकडे. का रे?
बंटी: तुम्ही कोण?

याच्यापुढे बोलणं टायपिंगचं राहिलंच नाही. काकीला स्क्रीन वर सरकवून मागचं वाचता येतं, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. तिनं सगळं वाचलं. मग सव्वा मिनिटाचा आवाजी मेसेज आला. त्यातला पहिला भाग मला उद्देशून होता, तो गाळतो. पुढचा असा: ‘मी मेल्यावर दोन तासांत कोणी एक फोन करीत नाही, बरं कळलं. आणि वारली? माझ्या वयाला वारल्या तरी म्हणायचं.’

इथेच खरी मेख आहे. काकीला आम्ही सगळे अगंतुगं करतो, म्हणून ‘वारली’ कोणाला खटकलं नाही. शिवाय ती बाईमाणूस आणि वरळी ईकारान्त, क्रियापद बरोबर जुळलं. तिथे काका राहत असते तर ‘काका वारली’ असं कोणी वाचलं नसतं, आणि काकी परळला असती तर प्रश्नच नव्हता. रोमन लिपीत अ आणि आ एकच, ल आणि ळ एकच. त्यातून मी भाषाभिमानी. इंग्रजांसारखं डब्ल्यू आणि ओ घालून वर्ली लिहिलं असतं तर सगळे सुखरूप राहिले असते. पण आपण वरळी म्हणतो, म्हणून उच्चाराप्रमाणे लिहायला गेलो. आदल्याच आठवड्यात ‘bhat किती सांगू’ या माझ्या प्रश्नाला ताईनं ‘दोन किलो’ असं उत्तर दिलं होतं, आणि मी भटजींबद्दल विचारत होतो. तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं.

दादानं ट्रॅव्हलरवाल्याला पुन्हा फोन केला. दहा मिनिटं कधीच उलटली होती, पण दुसरी पार्टी पैशांवरून घासाघीस करत बसली होती, म्हणून गाडी वाचली. अण्णा शाळेत परत गेले. मूर्तिकारानं म्हणे तोंड वर न करता विचारलं, ‘उठली काय?’

पुण्याच्या वहिनीनं श्रद्धांजली खोडून टाकली. तिथे आता ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे’ एवढंच उरलं आहे. ते काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

गुरुवारी पहाटे पावणेसहाला फोन वाजला. ग्रुपवर फोटो होता. माई काकी रस्त्याच्या कडेला दिव्याखाली उभी, पायाशी दोन पिशव्या आणि खाजाचा पुडा. खाली मराठीत लिहिलं होतं, बहुधा नातीकडून टाइप करून घेतलेलं:

‘वरळी. बाळातला ळ.’