एक, दोन, तीन, चार

"बाई, पालकांना मेसेज टाकताना सरळ मुद्दे का नाही घालत? एवढं लांबलचक कोण वाचतंय?"

कोणी वाचत नाही, ते ऐकतात. पालक ऊसतोडीला गेलेले, तिथं कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, फोन एकाचा असतो, वाचणारा दुसराच कुणीतरी आणि ऐकायला आजूबाजूचे आठ-दहा जण. दिवसभर फडात फोन लागत नाही, लागला तरी हातात कोयता असतो. म्हणून मेसेज टाकायचा आणि संध्याकाळी कुणीतरी तो मोठ्यानं वाचायचा. त्यांची मुलं मागं राहतात त्या हंगामी वसतिगृहात काम करणाऱ्या माणसानं हे गृहीत धरलं पाहिजे. मी धरलं नव्हतं.

आणि मुद्दे मला येत नाहीत असं समजू नका. मुद्देसूद लिहा, हे प्रशिक्षणात मीच बाकीच्यांना सांगत फिरायचे. त्या वर्षी तिसरीतल्या एका पोराच्या आई-बापाला मी असं पाठवलं:

१. जेवण कमी.
२. रात्री अंथरूण ओले.
३. दोन मुलांशी मारामारी.
४. ताप.

लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगते. चार ओळी, स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याची आई बीडच्या पलीकडून दोन एसट्या बदलून दारात उभी. नवरा फडातच, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा कोयता अर्धा पडलेला, वर खाडा धरला जाणार आणि आगाऊ घेतलेली उचल अंगावर. पहिलं वाक्य तिचं, "बाई, लेकराचं नाव काढलं का हो?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. शेजारच्या कोपीतल्या पोरानं मेसेज वाचला, एक, दोन, तीन, चार असा आकड्यांसकट. तिला त्या चार तक्रारी वाटल्या. आणि शेवटचा 'ताप' म्हणजे लेकरू ताप देतंय, असंच सगळ्यांनी धरलं. पुढचं काय ते न लिहिताच त्यांना कळलं: घेऊन जा.

"ताप आला व्हता म्हून कुठं लिव्हलं तुम्ही?" कुठंच नव्हतं लिहिलं. 'आला होता' हे दोन शब्द मी वाचवले होते.

खरं तर ती चार प्रकरणं नव्हतीच. पोराला ताप आला, म्हणून खाणं कमी झालं. तापातच एका रात्री अंथरूण ओलं झालं, त्यावरून दोघांनी चिडवलं, म्हणून त्यानं हात उचलला. मी मेसेज टाकला तेव्हा ताप उतरलेलाही होता. आकडे घातले आणि मधले सगळे 'म्हणून' गळाले. सुरुवात जिथून झाली ती गोष्ट सगळ्यात खाली गेली, आणि अंथरुणाचं दहा लोकांत वाचलं गेलं. ते तर लिहायलाच नको होतं.

आज लिहिलं असतं तर असं: "तुमचा पोरगा आता बरा आहे. परवा त्याला ताप आला होता, काल उतरला. तापामुळं दोन दिवस नीट जेवला नाही, आज दोन भाकरी खाल्ल्या. चिडचिडीत पोरांशी थोडं भांडण झालं, ते मिटवलंय, चूक त्याच्या एकट्याची नव्हती. तुम्ही यायची गरज नाही. रविवारी बोलणं करून देते."

लांब आहे, मान्य. पण आपल्या भाषेत मान क्रियापदात असतो. मुद्द्यात आधी क्रियापदच जातं. 'कागदपत्रे सादर करणे' म्हटलं की समोरचा माणूस संपला. 'घेऊन या' म्हटलं की तो निदान उभा तरी राहतो.

म्हणजे मुद्दे वाईट, असं मी म्हणत नाही. प्रवेशाला काय आणायचं, आधार, दोन फोटो, ताट-वाटी, पांघरूण, याची मी यादीच देते. त्यातलं खालचं वर केलं तरी काही बिघडत नाही. आता पाठवण्याआधी मी तेवढंच बघते: ओळी उलटसुलट केल्या तर अर्थ बदलतो का? बदलत असेल तर आकडे घालायचे नाहीत.

तुम्ही लगेच म्हणाल, मग गेल्या महिन्यात काय झालं? बरोबर आहे. एका मुलीला शुक्रवारी डोळे तपासायला न्यायचं होतं, पालकांची परवानगी हवी होती. मी छान, गोड परिच्छेद लिहिला आणि 'गुरुवारपर्यंत कळवा' हे त्यातच बुडालं. कुणी कळवलं नाही, पोरगी मागं राहिली. आता तारीख तेवढी वेगळ्या ओळीत टाकते, पूर्ण वाक्यात. बस झालं का? माहीत नाही.

आज सातवीतल्या एका मुलीच्या आईला कळवायचंय की तिला पहिली पाळी आलीय, घाबरली होती, आता ठीक आहे. फोन बापाकडे असतो, वाचतो चुलतभाऊ. मुद्द्यांत लिहून बघितलं, सरळ लिहून बघितलं, दोन्ही पुसलं. शेवटी एवढंच टाकलंय: "पोरगी मजेत आहे. रात्री आठनंतर ताईंनाच फोनवर द्या, मला बोलायचंय." साडेआठ वाजलेत, फोन लागत नाहीये.