झोपाळ्याचा मेल

आज दुपारी माझ्या फुलांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून शेजारच्या केटरर काकींना मेल पाठवून टाकला. दुकानांमध्ये एकच भिंत, तरी मेल? मिळून ऑर्डरी घेण्याचा विषय चहावर तीनदा काढला, तिन्ही वेळा "बघू की" एवढंच. सोलापुरात "बघू की" म्हणजे काय, ते सांगायला नको. शिवाय त्यांचा हिशेब मुलगा बघतो. त्याच्यापर्यंत माझं बोलणं पोचतच नव्हतं.

पहिला मसुदा काल रात्री लिहिला होता. दीड पान, त्यातलं निम्मं माझ्या दुकानाचं कौतुक, शेवटी "आपण मिळून काहीतरी करूया". सकाळी वाचलं तेव्हा माझं मलाच कळेना, त्यांनी नेमकं कशाला हो म्हणायचं.

मग एकच गोष्ट धरली: डोहाळजेवण. चातुर्मासात लग्नं थांबतात, आम्ही दोघंही रिकामे. डोहाळजेवण मात्र थांबत नाही. तिथे झोपाळा आणि फुलांचे दागिने माझे, पंगत त्यांची. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'डोहाळजेवण: जेवण तुमचं, झोपाळा आमचा'.

आत हिशेब मांडला. साठ पानं, अडीचशे रुपये दराने, त्यांचे 15,000. झोपाळा आणि दागिने मिळून माझे 4,500. दोन्ही एकत्र घेतलं तर मी फुलांत 500 सोडणार, त्यांनी एक गोड पदार्थ वाढवायचा. जेवणाचा दर कमी करा असं मुद्दाम म्हटलं नाही. एकदा उतरलेला दर पुढचं गिऱ्हाईकही मागतं. कमिशन नाही, पावत्या वेगळ्या, ज्याचे पैसे त्याच्याकडे. कोण कोणाकडून आलं ते कळावं म्हणून बुकिंगच्या वहीत नावापुढे 'झो' लिहायचं. गिऱ्हाइकाचा नंबर त्याला विचारूनच एकमेकांना द्यायचा. दहा ऑर्डरी झाल्या की बसून बघायचं, नाही जमलं तर तिथेच सोडायचं.

एक अट मात्र ठळक घातली: गौरी-गणपतीचे दिवस यात नाहीत. तेव्हा फुलांचे भाव असे चढतात की ते 500 माझ्या खिशातून जातील.

संध्याकाळी मुलाचं उत्तर आलं, दोनच ओळी. "दागिने किती वाजता येणार? आणि गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी रद्द केलं तर?"

दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. त्यांचा किराणा टिकतो, माझ्या निशिगंधाच्या कळ्या नाही. लगेच कळवलं: फुलांची निम्मी रक्कम आगाऊ, ओवायला घेतल्यावर ती परत नाही. दागिने पंगतीच्या दोन तास आधी. फोटो जेवणाआधी होतात आणि चार तासांत मोगरा मान टाकतो.

रात्री शटर ओढताना काकींनी हाक मारली, "काय ओ, गोडात श्रीखंड चालेल का?"