तुम्ही विचारलंत म्हणून : एक ते चार, आणि ओव्याचा खण

"शॉर्टफिल्मसाठी एका जुन्या दुकानात शूट करायचंय. दुकानदाराला परवानगीचं पत्र लिहायचंय, फॉरमॅट असेल तर पाठवाल का?"

फॉरमॅट आहे, खाली देतोय, पण तो नुसता कॉपी-पेस्ट केलात तर काका वाचून परत देतील. त्यातली एकेक ओळ कशी आली हे सांगतो आधी.

पहिल्या फिल्मच्या वेळी मी पत्र दिलंच नव्हतं. पुण्यात पेठेत एक काष्ठौषधीचं दुकान आहे, भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर रंगाने लिहिलेलं नाव, हिरडा, बेहडा, वावडिंग, ज्येष्ठमध. घरातले सगळे काढे तिथूनच यायचे त्यामुळे ओळख होती, "काका, दोन तास शूट करू का दुपारी?" असं तोंडी विचारलं, ते "करा की" म्हणाले, संपलं. दोन तासांचे साडेपाच झाले. दुपारी चारला दुकान उघडतं, आम्ही साडेसहाला ट्रायपॉड काढला, दिवाबत्तीची वेळ झाली तरी काका बाहेर फळीवर बसून होते. पण खरी गोष्ट ही नाहीच. आमच्या आर्टवालीने फ्रेम छान दिसावी म्हणून सात-आठ खण इकडचे तिकडे केले होते, जुनी, सुंदर अक्षरं असलेले खण कॅमेऱ्यासमोर आणले होते, आणि जाताना आम्ही ते सगळे नीट पुसून, एका रेषेत, भलत्याच जागी लावून गेलो. संध्याकाळी कोणीतरी ओवा मागितला, काकांचा हात न बघता वर गेला, जिथे वर्षानुवर्षं ओवा होता तिथे, आणि हातात बडीशेप आली. गिऱ्हाइकासमोर. हे मला त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं, हसत सांगितलं, पण काका पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

आपण "स्वच्छता राखू" असं लिहितो ना पत्रात, तिथेच गडबड आहे. आम्ही दुकान आलो तेव्हापेक्षा स्वच्छ करून गेलो होतो! दुकानदाराला झाडून-पुसून नको असतं, त्याला वस्तू जागच्या जागी हवी असते, तो डोळ्याने नाही, हाताने शोधतो. त्यामुळे आता मी स्वच्छता हा शब्दच वापरत नाही. काय हलवणार, काय नाही, परत कसं लावणार ते लिहितो.

दोन वर्षांनी दुसऱ्या फिल्मसाठी परत त्याच दुकानात जायची वेळ आली (दुसरं दुकान शोधून पाहिलं, तसे खण कुठेच नव्हते), तेव्हा हे पत्र लिहिलं :

दिनांक : ......
प्रति, श्री. ...... काका, यांस
स.न.वि.वि.
आम्ही सहा जण मिळून १२ मिनिटांची एक मराठी शॉर्टफिल्म करतोय. गोष्ट अशी : एक नातू आजीच्या हस्ताक्षरातली काढ्याची चिठ्ठी घेऊन दुकानात येतो आणि दुकानदार ती वाचून दाखवतो. दुकानदाराचं पात्र चांगलं आहे, त्याचं काम आमचा नट करेल.
यासाठी आपल्या दुकानात मंगळवार आणि बुधवार, दिनांक ...... आणि ......, दुपारी १ ते ४ या आपल्या बंदच्या वेळेत चित्रीकरण करू द्यावं ही विनंती. सामान आणणं आणि आवरणं याच वेळेत धरलं आहे. ३.४० ला काम राहिलं असलं तरी थांबवू आणि ४ वाजता दुकान आपल्या ताब्यात देऊ.
आम्ही सहा जण आणि दोन नट, एवढेच आत असू. दोन एलईडी लाइट लागतील, दोन्ही मिळून इस्त्रीपेक्षा कमी वीज घेतात. जेवण-चहा दुकानाबाहेर करू, चपला बाहेर काढू.
गादी, गल्ला, देव्हारा, वजनकाटा आणि वह्या यांना हात लावणार नाही. समोरच्या भिंतीचे फक्त खालचे चार खण हलवायचे आहेत, हलवण्याआधी आपल्यासमोर फोटो काढू आणि त्या फोटोप्रमाणे लावून आपल्याला दाखवू. काही फुटलं-सांडलं तर त्याच दिवशी भरून देऊ.
फिल्मच्या शेवटी 'विशेष आभार' मध्ये दुकानाचं नाव आपण सांगाल तसं लिहू. पाटी फिल्ममध्ये दिसावी की नाही हे आपण ठरवावं. हे चित्रीकरण याच फिल्मसाठी वापरू.
आपला, ...... फोन ......
वरील अटींवर परवानगी आहे. सही / शिक्का

एक पान, मोठा टाइप, दोन प्रती, एक त्यांची, एक आपली. दुकानदार मराठी सहज वाचत नसतील तर हिंदीत किंवा गुजरातीत करून न्या, ज्या भाषेत ते वही लिहितात त्या भाषेत.

आता वेळेचं. सगळे "दोन-तीन तास" लिहितात आणि तिथेच फसतात, कारण हा आकडा कोणी मोजून काढलेलाच नसतो. आमच्या दुकानातल्या सीनमध्ये १४ शॉट होते. छोट्या युनिटला एका शॉटला, लाइट हलवणं, फोकस, दोन-तीन टेक धरून, पंधरा मिनिटं लागतातच, म्हणजे नुसतं शूटच साडेतीन तास. दुकान बंद असतं तीन तास, त्यातला अर्धा तास सामान मांडायला, वीस मिनिटं आवरायला, उरले दोन तास दहा मिनिटं, त्यात बसतात जेमतेम आठ शॉट. म्हणून दोन दुपारी मागितल्या, पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी सहा, आणि दुसऱ्या दिवसाचा उरलेला अर्धा तास हाताशी ठेवला. तुमचं दुकान दुपारी बंद होत नसेल तर साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागा, पण मग कोणीतरी खास उघडायला येणार हे लक्षात घ्या, सुट्टीच्या दिवशी तो माणूस तुमच्यासाठी बसून राहणार. उघड्या दुकानात, गिऱ्हाईक चालू असताना शूट करू असं कधीच लिहू नका. गिऱ्हाईक दारातून कॅमेरा बघतं आणि परत जातं, ते गेलेलं आपल्याला दिसत नाही, दुकानदाराला बरोबर दिसतं.

३.४० ची ओळ मात्र लिहिलीत तर पाळायची. आमचे पहिल्या दिवशी सातच शॉट झाले, आठव्यासाठी लाइट लागला होता, नट तयार होता, कॅमेरावाला माझ्याकडे बघत होता, तरी बंद केलं. काका घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. तो शॉट दुसऱ्या दिवशी त्या उरलेल्या अर्ध्या तासात बसला.

श्रेयाचं थोडं अवघड असतं, कारण आपल्याला वाटतं फुकट जाहिरात मिळतेय, कोण नाही म्हणेल. तसं लिहू नका, दुकानदार मनातल्या मनात तुमच्या फिल्मला किती लोक बघणार ते बरोबर ओळखतो. नाव कसं लिहायचं ते विचारा आणि त्यांच्याच हाताने लिहून घ्या, पाटीवर एक असतं, बिलावर दुसरं असतं, आणि भावाभावांत वाटण्या झाल्या असतील तर 'आणि बंधू' राहिलं की गेलं यावरून घरात वाद होऊ शकतो. पाटी दाखवायची की नाही हे पण त्यांच्यावरच सोडा. आणि गोष्ट खरी सांगा. तुमच्या फिल्ममधला दुकानदार भेसळ करत असेल किंवा गिऱ्हाइकाला फसवत असेल तर ते पत्रात लिहिलंच पाहिजे, मग पाटी दिसता कामा नये आणि आभारातही नाव नको असं ते म्हणू शकतात, म्हणोत. नंतर पडद्यावर कळण्यापेक्षा तेव्हा नकार आलेला बरा.

फ्रेममधल्या दोन गोष्टी पत्रात नसतात पण शूटच्या आधी बघून घ्या. एक, गल्ल्यावरचा क्यूआर कोड, तो स्पष्ट आला तर फिल्म बघणारा कोणीही स्कॅन करू शकतो, दुकानदाराकडूनच झाकून घ्या. दुसरी, उधारीची वही. उघडी राहिली आणि क्लोजअपमध्ये आली तर गल्लीतल्या कोणाचे किती बाकी आहेत हे सगळ्या जगाला वाचता येतं. वजनकाट्याला हात लावणार नाही असं लिहिलंय तेही उगाच नाही, तो पातळीत बसवलेला असतो, बाजूला बुडबुडा असतो बघा, उचलून दुसरीकडे ठेवला की पुन्हा सगळं जुळवत बसावं लागतं.

किराणा दुकान असेल तर फ्रीजचं आधी बोला. साउंडवाला घरघर नको म्हणून फ्रीज बंद करतो आणि जाताना चालू करायला विसरतो, आइसक्रीमचं पाणी होतं. फिल्मवाल्यांत एक जुनी युक्ती आहे, फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली त्यात ठेवायची, मग विसरून घरी जाताच येत नाही. भिंतीला काही चिकटवायचं तर साधी कागदी टेप, जाड कापडी टेपने जुन्या भिंतीचा रंग पोपड्यासकट निघून येतो.

आणि हे पत्र उंबऱ्याच्या आतलंच आहे हे विसरू नका. ट्रायपॉड फुटपाथवर गेला की तिथे दुकानदाराची परवानगी चालत नाही, ते महापालिकेचं आणि पोलिसांचं, तिथली परवानगी वेगळी काढावी लागते. आम्ही बाहेरचा शॉटच कापला, नातू थेट आत आलेला दाखवला. जुन्या वाड्यातली दुकानं बऱ्याचदा भाड्याची असतात, मालकाला काही कळवायला हवं का हे दुकानदारालाच विचारा, घरमालकाशी आधीच कोर्टात चालू असेल तर तुमच्या शूटिंगने त्याला नवीन डोकेदुखी नको.

पत्र कधी द्यायचं? सकाळी उघडल्या उघडल्या नको, पहिली भवानी व्हायची असते. संध्याकाळी गर्दी असते. मी साडेअकराला गेलो, आधी सुंठ आणि पिंपळी घेतली, पैसे दिले, मग पत्र ठेवलं आणि म्हणालो, "काका, वाचून ठेवा, परवा येतो." उभं राहून उत्तर मागितलं नाही.

परवा गेलो. काकांनी पत्र वजनाखाली दाबून ठेवलं होतं. चष्मा लावून त्यांनी ते पुन्हा एकदा पूर्ण वाचलं, सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर मारली. मग माझ्या प्रतीवर सहीच्या खाली, स्वतःच्या पेनाने, एक अट वाढवली : ओव्याचा खण हलवू नये.