सही कशावर करायची?

‘चार पानांची टिपणी. तिला तुम्ही आठवडाभर धरून बसता आणि परत देताना दीडच पान उरतं. आमच्या मेहनतीचं काय होतं?’

टिपण्या लिहिणारे सहकारी मला हे विचारतात, कारण अधिकाऱ्याकडे जाण्याआधी त्या मी तपासतो. मेहनत परिशिष्टात जाते. अधिकाऱ्याच्या टेबलावर नस्त्यांचा ढीग असतो. तो पहिला परिच्छेद वाचतो आणि ‘मी नेमकं काय करू?’ एवढंच शोधतो.

शेततळ्यांवरच्या त्या टिपणीनंतर आमच्यातली एक जण माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही, म्हणून तेवढं सांगतो. ‘मागेल त्याला शेततळे’ ही 2016 ची योजना पावसाचं पाणी साठवण्यासाठी होती. हिने जाऊन पाहिलेली बहुतेक तळी बोअरने भरत होती. चारही बाजूंना उंच बांध, वाहतं पाणी आत यायला वाटच नाही आणि काठावरून आत सोडलेला बोअरचा पाइप. टिपणीत मात्र लिहिलं होतं, ‘पुनर्भरणाची अपेक्षित उद्दिष्टपूर्ती होत नसल्याचे निदर्शनास येते.’ मी तिथे लिहिलं, ‘पाहिलेली बहुतेक तळी पावसाने नाही, बोअरने भरतात.’

पुराव्यापाशी खरा खटका उडाला. भूजल पातळी घसरली हे दाखवायला तिने ऑक्टोबर आणि मे यांचे आकडे शेजारी ठेवले होते. पण पावसाळ्यानंतर चढलेली पातळी उन्हाळ्यापर्यंत दरवर्षीच उतरते, तळं असो वा नसो. घसरण दाखवायची तर मे महिन्याशी मागच्या वर्षांचे मे लावायचे आणि पाऊसही बघायचा. तसं लावल्यावर उतार दिसला, पण ती कोरडी वर्षंही होती. दोष तळ्यांचाच, असं म्हणता येईना. ते वाक्य काढलं.

शिफारस होती, ‘समन्वित धोरणात्मक हस्तक्षेप आवश्यक.’ यावर सही कशी करणार? राज्याची योजना बदलणं जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याच्या हातात नसतं, पाहणीचा नमुना बदलणं असतं. म्हणून लिहिलं, ‘अनुदान देण्याआधीच्या पाहणीत पाणी कुठून येतं याची नोंद सक्तीची करावी, येत्या खरिपापासून.’

‘शेतकऱ्यालाच काढलंत तुम्ही,’ ती म्हणाली. तळ्यामुळे डाळिंबाची बाग जगली, असं सांगणारा तो शेतकरी मी परिशिष्टात टाकला होता. एका माणसाची हकीकत पुरावा नव्हे, असं मी तेव्हा ठणकावलं. आजही तेच म्हणेन. फक्त आवाज तेवढा चढणार नाही, कारण अधिकाऱ्याने वाचून पहिलाच प्रश्न केला, ‘बोअर लिहिणाऱ्याचं अनुदान अडवायचं? मग बोअर लिहील कोण? आणि त्याच्या बागेचं काय?’

उत्तर दीड पानात नव्हतं. चार पानांतही नव्हतं. तिचं म्हणणं, असतं, तुम्ही ठेवलं असतंत तर. माझं म्हणणं, जुन्या शिफारशीवर त्यांनी हा प्रश्नच केला नसता, ‘पाहिले’ लिहून नस्ती पुढे सरकवली असती.